सात दिवस भाड्याची गाडी: डिपॉझिट, ओरखडे आणि पेट्रोलचा काटा

फिरायला जायचं ठरलं तेव्हा गाडीचं रोजचं भाडं मी तीन-चार ठिकाणी विचारून ताडून पाहिलं. डिपॉझिट किती, ते कशातून घेणार आणि कधी सोडणार, हे मात्र निघायच्या आदल्या रात्री करार वाचताना लक्षात आलं. आम्ही सहा जण होतो. आईच्या गुडघ्यांमुळे आई-बाबा, मी आणि नवरा यांच्यासाठी छोटी कार सांगितली होती, आणि धाकटा भाऊ आणि वहिनी तिथेच स्कूटर घेणार होते. कार माझ्या नावावर होती, त्यामुळे कागदपत्रं, कार्ड आणि पुढची सगळी बोलणी माझ्याकडे आली.

काउंटरवरच्या मुलाने कार्ड मागितलं आणि म्हणाला, "मॅडम, डिपॉझिट कापतो." मी हात मागे घेतला आणि विचारलं, "कापताय की नुसतं रोखून ठेवताय?" हा प्रश्न शब्दांचा कीस काढण्यासाठी नव्हता. रोखून ठेवणं म्हणजे बँक कार्डाच्या मर्यादेतली तेवढी रक्कम बाजूला ठेवते, पैसे खात्यातून हलत नाहीत, आणि गाडी नीट परत गेली की कंपनी ती रक्कम सोडून देते. कापलं तर तो सरळ व्यवहार होतो. पैसे कंपनीकडे जातात, नंतर कंपनीने ते आपणहून परत पाठवायचे असतात, आणि दुसऱ्या चलनाचं कार्ड असेल तर जाताना एक दर आणि येताना दुसरा दर लागून मधला फरक आपल्या अंगावर पडतो. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर हे कळतं. रोखलेली रक्कम असेल तर तिथे `PRE-AUTH` किंवा तशाच अर्थाचं काही छापलेलं असतं, कापलेली असेल तर `SALE`. आमच्या चिठ्ठीवर `PRE-AUTH` होतं. त्याखाली बँकेने दिलेला मंजुरीचा सहा आकडी क्रमांक होता. चिठ्ठीचा फोटो मी तिथेच काढून घेतला, कारण असल्या कागदावरची शाई हळूहळू उडून जाते.

कार्डही ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचंच लागतं. नवऱ्याचं कार्ड चालणार नाही, असं मुलाने स्पष्ट सांगितलं. डेबिट कार्ड दिलं असतं तर खात्यातले तेवढे पैसे वापरता आले नसते. सात दिवसांच्या प्रवासात तेवढी रोकड अडकून पडणं फार जाचक होतं.

रोखलेल्या रकमेचा आकडा हवेतून आलेला नव्हता. गाडीचं नुकसान झालं तर विमा लागू होण्याआधी जो पहिला वाटा आपण भरायचा, त्याला करारात एक्सेस म्हणतात, आणि आमचं डिपॉझिट बरोबर त्या एक्सेसएवढं होतं. मुलगा म्हणाला, रोज थोडे जास्त भरा, मग एक्सेस शून्य आणि डिपॉझिटही अगदी कमी. सात दिवसांचे ते जादा पैसे मोजले तर एक्सेसच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे होत होते. हा सौदा वाईट नव्हता, म्हणून कशाकशाला लागू नाही तेवढं दाखवा, असं मी म्हटलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात यादी होती: टायर, चाकाची रिम, काचा, गाडीचा तळ, छप्पर आणि हरवलेली चावी. आम्ही जिथे फिरणार होतो तिथे जुन्या भागातल्या गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना उंच दगडी कडा. तिथे काही होणार असेल तर चाकालाच होणार, आणि नेमकं तेच वगळलेलं. म्हणून आम्ही ते घेतलं नाही. ज्याच्या कार्डावर एवढी मर्यादाच नाही किंवा ज्याला अनोळखी रस्त्यावर मोठ्या धडकेची भीती वाटते, त्याने घेण्यात काही चूक नाही. फक्त ती यादी आधी वाचावी.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबातून सुटली होती. डिपॉझिटने कार्डाची जवळजवळ निम्मी मर्यादा खाल्ली होती. चौथ्या दिवशी दुसऱ्या हॉटेलात गेलो तर त्यांनीही खोलीपोटी रक्कम रोखायला कार्ड मागितलं आणि ते नाकारलं गेलं. नवऱ्याचं कार्ड होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून गाडीचं डिपॉझिट एका कार्डावर आणि बाकीचा सगळा खर्च दुसऱ्यावर, अशी विभागणी मी घरूनच करून निघते.

गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती, नुकतीच धुतलेली, अंगावर पाण्याचे थेंब तसेच. मुलाने हातात फॉर्म दिला. त्यावर गाडीचं चारही बाजूंनी रेखाचित्र असतं आणि आधीच्या खुणांवर फुल्या मारलेल्या असतात. आमच्या फॉर्मवर चार फुल्या होत्या. "बघून घ्या आणि सही करा," म्हणाला. ओल्या गाडीवर ओरखडे दिसत नाहीत, कारण पाणी त्या बारीक चरांमध्ये भरतं आणि पृष्ठभाग एकसारखा चमकतो. मंद उजेडात तर पोचेसुद्धा लपतात. आम्ही गाडी वर उजेडात आणायला सांगितली. तो थोडा नाखूश झाला, पण त्याने आणली. बाबांनी डिकीतला फडका घेऊन दारं आणि बंपर कोरडे पुसले.

पोचा कसा बघायचा ते बाबांकडून शिकण्यासारखं आहे. ते दारासमोर उभे राहिले नाहीत. मागच्या दिव्यापाशी वाकले, गाल जवळजवळ पत्र्याला लागेल इतकं डोकं खाली नेलं आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने नजर टाकली. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची रांग दारावर उमटली होती. मागच्या दाराच्या मधोमध त्या रांगेतली एक खिडकी किंचित वाकडी झाली होती. समोरून पाहिलं तर तिथे काहीही दिसत नव्हतं, पण बोट फिरवलं की उथळ खळगा हाताला लागत होता. कुठल्यातरी पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार आपटलं असणार. फॉर्मवर पाचवी फुली पडली.

मग मी मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला. आधी नंबर प्लेट, मग ड्रायव्हरच्या दारातून आत डॅशबोर्डवरचे किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा, आणि तिथून न थांबता डावीकडून पूर्ण फेरी. बंपरच्या खालच्या कडा उभं राहून दिसत नाहीत, म्हणून फोन गुडघ्याच्या खाली नेऊन घेतल्या. समोरच्या काचेवर वायपरच्या रेषेत तीळाएवढी टिकली उडालेली होती, ती बोट ठेवून दाखवली. चारही चाकांवर थांबले. रिमवरचा ओरखडा नेमका कुठे ते सांगायला हवा भरायची नळी कामी येते. चाक कसंही फिरलेलं असो, नळी रिमवरच असते, तेव्हा तिच्यापासून मोजायचं. मागच्या डाव्या रिमवर नळीच्या बरोबर समोर बोटभर खरचटलेलं होतं. मुलगा म्हणाला, "एवढं किरकोळ लिहायची गरज नाही, आम्ही धरत नाही." मी म्हटलं, "धरत नाही, तर लिहिण्याने तुमचं काही जाणार नाही. लिहा." त्याने लिहिलं. टायरच्या बाजूला फुगा आलाय का, डिकीखाली स्टेपनी आणि जॅक आहेत का, हेही पाहिलं. सगळं होतं. शेवटी फुल्या नऊ झाल्या आणि पूर्ण तपासणीला पंचवीस मिनिटं लागली. सही केल्यावर फॉर्मची प्रत घेतली आणि तिथून हलण्याआधी खुणांचे फोटो कंपनीच्या ईमेलवर पाठवले. त्यामुळे ते कधी काढले याचा पुरावा त्यांच्याच इनबॉक्समध्ये राहिला.

भावाची स्कूटर घेताना मीही गेले होते. तिथल्या माणसाने डिपॉझिट म्हणून मूळ ओळखपत्र ठेवून घ्यायची अट घातली. भावाने नकार दिला. मूळ कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये असला की परत करताना ते म्हणतील ते नुकसान मान्य करण्यावाचून आपल्यापुढे मार्ग उरत नाही. दोन दुकानं पुढे एकाने प्रत आणि रोख डिपॉझिटवर गाडी दिली. रोख रकमेची आकड्यासकट सही केलेली पावती मात्र मागून घ्यावी लागली. स्कूटरचं बघणं कारपेक्षा सोपं असतं, कारण ती पडते तेव्हा ठरावीक जागीच घासते. आरशाची बाहेरची कड, ब्रेकच्या दांड्याचं टोक, पुढच्या पॅनलची कड, पाय ठेवायच्या जागेची बाजू आणि सायलेन्सरवरची जाळी. या जागा एका बाजूला एकसारख्या घासलेल्या असतील तर गाडी त्या बाजूवर आधी आपटलेली आहे. मग हँडल सरळ आहे का, हे थोडं अंतर चालवून बघायचं. त्यांच्या स्कूटरचा डावा दांडा टोकाला गोलाई जाऊन चपटा झाला होता. वहिनीने त्याचा फोटो काढला, एक जवळून आणि एक पूर्ण स्कूटर दिसेल असा. पेट्रोल जेमतेम होतं. स्कूटर उतारावर, बाजूच्या स्टँडवर कललेली होती आणि काटा पाव दाखवत होता. मधल्या स्टँडवर सरळ उभी केल्यावर तो लाल रेषेपाशी आला.

कारच्या पेट्रोलची अट 'फुल घ्या, फुल द्या' अशी होती. मला हीच सगळ्यात स्वच्छ वाटते. दुसऱ्या एका ठिकाणी पूर्ण टाकीचे पैसे आधी घेऊन गाडी रिकामी परत करायला सांगत होते. तशी अगदी रिकामी गाडी कुणी परत करत नाही, टाकीत उरलेलं सगळं कंपनीचं होतं. पण फुलच्या अटीतही एक फट आहे, आणि ती मला योगायोगाने सापडली.

गाडी घेताना काटा एफवर होता, व्हिडिओतही तसाच आहे. हॉटेल सहा किलोमीटरवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब जायचं होतं आणि पंप शेजारीच होता, म्हणून निघण्याआधी टाकी भरून घेऊ म्हटलं. काट्याशेजारच्या चिन्हाजवळ छोटा बाण असतो, तो टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते दाखवतो. त्या बाजूने गाडी लावली. झाकणाच्या आतल्या बाजूला पेट्रोल लिहिलेलं आहे याची खात्री केली. नोझल आपोआप टक करून थांबली तेव्हा मीटरवर 4.7 लिटर होते. सहा किलोमीटरला फार तर अर्धा लिटर लागला असेल. म्हणजे काटा फुल दाखवत असताना 40 लिटरच्या टाकीत चार लिटरपेक्षा जास्त जागा रिकामी होती.

कंपनीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. टाकीतला तरंगणारा गोळा टाकी काठोकाठ भरायच्या आधीच वरच्या टोकाला पोचतो. त्यामुळे वरचे काही लिटर भरले काय आणि संपले काय, काट्याला ते कळत नाही. आधीच्या गिऱ्हाइकाने लांबून टाकी भरून आणली असेल, काटा एफवर दिसला, आणि ती फुल म्हणून आम्हाला मिळाली. पण मी नोझल टक होईपर्यंत भरून परत दिली असती, तर ते चार लिटर माझ्या खर्चाने गेले असते. मी लगेच पावतीचा आणि किलोमीटरचा फोटो पाठवून लिहिलं: काल गाडी दिल्यापासून सहा किलोमीटर झालेत आणि टाकीत 4.7 लिटर बसलं, तेव्हा परत करताना काटा एफवर असेल तेवढं पुरे आहे ना? तासाभराने उत्तर आलं, हो, काटा बघूनच घेऊ. हा एका ओळीचा होकार मी जपून ठेवला.

तिसऱ्या दिवशी चूक आमची झाली. एका गल्लीत समोरून टेम्पो आला म्हणून नवऱ्याने गाडी उजवीकडे दाबली आणि पुढचं उजवं चाक कडेच्या दगडाला घासलं. तो आवाज ऐकून गाडीत सगळेच गप्प झाले. उतरून पाहिलं तर रिमच्या कडेला पाच-सहा सेंटीमीटरचा पांढरा चट्टा होता. टायरची बाजू हाताने चाचपली, कापलं नव्हतं, फुगाही नव्हता. करारात चोवीस तासांच्या आत कळवायची अट होती. न कळवता गाडी दिली आणि त्यांना नंतर सापडलं तर असलेलं संरक्षणही जाऊ शकतं. त्याच दुपारी फोटोसह कळवलं. गाडी चालवण्यासारखी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

गाडी परत करायची वेळ संध्याकाळी सहाची. भाडं चोवीस तासांच्या हिशेबाने चालतं, थोडी सवलत संपली की पूर्ण दिवस लागतो. पण मी लवकर गेले ते त्यासाठी नाही, उजेडासाठी. ऑफिस बंद झाल्यावर किल्ली पेटीत टाकायची सोय होती. तसं केलं की तपासणी आपल्या मागे होते आणि पुढे काही निघालं तर आपण तिथे नसतो. साडेचारला पोचलो. शेवटची टाकी 35 किलोमीटरवर भरली होती, काटा एफवरच होता. होकाराचा मेसेज दाखवावाही लागला नाही.

या वेळी काउंटरवर दुसरा माणूस होता. पुढच्या उजव्या रिमची नोंद त्याच्याकडे होतीच. तो मागच्या बंपरपाशी बसला आणि डाव्या कोपऱ्याच्या खालच्या कडेला बोट ठेवून म्हणाला, "हे फॉर्मवर नाही." खरंच नव्हतं. तळहाताच्या रुंदीएवढा ओरखडा होता आणि आमच्या नऊ फुल्यांत तो सुटला होता. मी ईमेलवरचे फोटो उघडले. त्यात एका कोपऱ्याच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोत ओरखडा दिसत होता, पण पांढऱ्या पत्र्याचा तो तुकडा कोणत्याही पांढऱ्या गाडीचा असू शकला असता. तो माणूस तेच म्हणाला, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग व्हिडिओ लावला. नंबर प्लेटपासून न तुटता फिरत फिरत कॅमेरा मागच्या डाव्या कोपऱ्यावर आला, खाली गेला, आणि तो ओरखडा तिथेच होता. मी फेरी मारताना तो टिपला होता, पण फॉर्मवर सांगायचा राहिला होता.

बाबा तोवर बंपरपाशी वाकले होते. त्यांनी त्या माणसाला दोन्ही ओरखडे शेजारी शेजारी बघायला सांगितले. आमच्या रिमवरचा चट्टा उजळ होता, आतला धातू चमकत होता आणि कडेला खरवडलेला रंग अजून लोंबत होता. बंपरवरच्या ओरखड्यात मात्र काळपट मळ घट्ट बसलेला होता. बाबांनी ओल्या फडक्याने घासला तरी तो निघाला नाही. सात दिवसांत असा मळ बसत नाही. त्या माणसाने व्हिडिओ पुन्हा पाहिला, आत जाऊन वरिष्ठाला दाखवला आणि फॉर्मवर 'आधीचा' असं लिहून सही केली. फोटो जवळून घेतला की त्याच जागेचा एक लांबूनही घ्यायचा, हे मी तिथे शिकले. वहिनीने स्कूटरच्या वेळी तसं केलं होतं, मी केलं नव्हतं.

रिमचे पैसे भरायला मी तयार होते. पण त्याने अंदाजाने सांगितलेला आकडा नवीन रिमचा होता. एवढ्या चट्ट्यासाठी रिम बदलत नाहीत, घासून आणि रंगवून दुरुस्त करतात. दुरुस्तीचं बिल पाठवा, त्याप्रमाणे डिपॉझिटमधून घ्या, असं मी फॉर्मवर लिहून त्याची सही घेतली. करारात दुरुस्तीवर कार्यालयीन खर्च लावायची तरतूद होती, ती मी वाचलेली होती, त्यामुळे त्यावर वाद घातला नाही. दुरुस्तीच्या दिवसांचं बुडालेलं भाडं लावणार का, हेही तिथेच विचारलं. नाही, असं उत्तर आलं आणि तेही फॉर्मवर लिहून घेतलं.

पाचव्या दिवशी ईमेलवर बिल आलं. एका रिमची दुरुस्ती आणि कार्यालयीन खर्च, एवढ्याच दोन ओळी होत्या, आणि रक्कम त्याने सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होती. ती कापली गेली, पण बाकीची रोखलेली रक्कम दहाव्या दिवशीही तशीच अडकलेली दिसत होती. बँकेत फोन केला तर त्यांनी सांगितलं की कंपनीने सोडल्याचा संदेश पाठवला तर लगेच सुटेल, नाही तर मुदत संपली की आपोआप सुटेल. मी चिठ्ठीच्या फोटोवरून तो सहा आकडी क्रमांक, तारीख आणि रक्कम लिहून कंपनीला पाठवली आणि उरलेली रक्कम सोडल्याचं लेखी कळवा म्हटलं. दोन दिवसांनी सकाळी बँकेच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं तेव्हा कार्डाची मर्यादा पूर्ववत झाली होती.